मामाच्या नावावरून गेलेली सुरी

आमच्या घराण्यात डिग्री घेतलेली मी पहिली. हे मी सांगत फिरायची गरज नव्हती, बाबाच सांगायचे. कंधारच्या बाजारात, एसटीत, सोसायटीच्या ओट्यावर. नांदेडला बी.ए. झाले, तिथंच डिझाइनचा कोर्स केला आणि लातूरला एका ऑफसेट प्रेसमध्ये इंटर्न म्हणून लागले, तेव्हा त्यांच्या सांगण्यात एक वाक्य वाढलं: "पत्रिका, पुस्तकं, समदं तीच करती कंप्युटरवर."

म्हणून ताईचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका दुकानातून तयार आणायची गोष्टच निघाली नाही. ती मीच करणार होते.

त्या पत्रिकेत एक नाव अवघड होतं. मामाचं. दोन वर्षांपूर्वी मामाच्या पोराच्या लग्नात पत्रिकेवर बाबांचं नाव नव्हतं. राहून गेलं म्हणे. बाबा लग्नाला गेले नाहीत, आणि तेव्हापासून मामाच्या गावचं, बिलोलीकडचं येणंजाणं बंद. पण नवरीला मांडवात आणायला मामा लागतो, आणि माय त्यावरून रोज डोळ्याला पदर लावायची. तिला एकच हवं होतं, भाऊ यावा आणि लेकीच्या पाठीशी उभा राहावा. शेवटी बाबा कबूल झाले. मला फोनवर म्हणाले, "टाक त्याचं नाव. पण खाली टाक."

मी खाली टाकलं. अगदी खाली, कारण वर जागाच उरली नव्हती. आजोबांपासून चुलत्यांपर्यंत आणि 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या लेकरांपर्यंत सगळे बसवल्यावर 'मामाकुळ' ही ओळ तळाच्या नक्षीला टेकली.

प्रेसचे मालक, त्यांना आम्ही सर म्हणायचो, फाइल छपाईला घ्यायच्या आधी स्वतः बघायचे. माझी फाइल त्यांनी पहिल्यांदा उघडली आणि तीन गोष्टी काढल्या. रंग आरजीबीत होते, म्हणजे पडद्याचे. शाईचे चार रंग वेगळे, त्यात पडद्यावरचा राणी रंग जसाच्या तसा येत नाही. दुसरं, गणपती नेटवरून घेतलेला, छोटासा, छापला की फुटणारा. आणि तिसरं, ब्लीड नव्हतं. पत्रिकेची पार्श्वभूमी कडेपर्यंत रंगीत असली, की तो रंग कापायच्या रेघेच्या बाहेर तीन मिलिमीटर जास्त काढून ठेवायचा असतो. सुरी थोडी इकडं-तिकडं झाली तरी कडेला पांढरी चीर दिसू नये म्हणून.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. कोर्सच्या परीक्षेत मी ते लिहून मार्क घेतले होते.

गणपतीचं मी काय केलं, तर रिझोल्यूशनच्या रकान्यात तीनशे टाकलं आणि फाइल परत नेली. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "आकडा लिहिल्यानं फोटोत जीव येतो व्हय? जे नाहीच ते कंप्युटर अंदाजानं भरतंय." मग मी दोन दिवस बसून तो गणपती रेघांनी नव्यानं काढला. रंग सीएमवायकेत, म्हणजे शाईच्या चार रंगांत घेतले. राणी रंग मळकट झाला, तर शाईचं प्रमाण बदलून बदलून कुंकवाकडं झुकणारा चांगला लाल काढला. नावांची अक्षरं चार शायांत फुटली होती, ती निव्वळ काळ्या शाईत आणली. हे सगळं मी नीट केलं. मला त्याचा गर्वही झाला.

राहिलं ब्लीड. तेव्हा संध्याकाळ झाली होती, हॉस्टेलच्या मेसची वेळ. पार्श्वभूमी, नक्षी, कोपऱ्यातली फुलं हे एकेक बाहेर ओढत बसण्यापेक्षा मी सगळंच एकदम सिलेक्ट केलं आणि मोठं केलं. पार्श्वभूमी तीन मिलिमीटर बाहेर गेली. आकडा जुळला. सरांनी बाहेरून विचारलं, "ब्लीड दिलं का?" मी म्हणाले, "दिलं." ते दुसऱ्या गिऱ्हाइकात अडकले होते, आणि दोन गोष्टी मी चांगल्या केलेल्या त्यांनी बघितल्या होत्या. फाइल छपाईच्या प्लेटला गेली.

घरच्या ग्रुपवर मी पीडीएफ आधीच टाकली होती. सगळ्यांनी मोबाइलवर नावं तपासली. काकूनं एका लेकराचं टोपणनाव दुरुस्त करून घेतलं. मायला ताईनं पूर्ण पत्रिका वाचून दाखवली, मामाच्या नावापर्यंत. पडद्यावर सुरी नसते. तिथं सगळे सुखरूप होते.

पत्रिका छापून, कापून, गठ्ठे बांधून तयार झाल्या. मी वरची एक काढून बघितली. गणपती बघितला, लाल रंग बघितला. सरांनी अर्धा दिवस सुट्टी दिली. अहमदपूरवरून लोह्याला उतरले, तिथून कंधारची गाडी. गठ्ठे मांडीवर घेतले होते. शेजारच्या बाईनं विचारलं कशाच्या म्हणून, तर मी एक काढून दाखवली आणि म्हणाले, मी केलीय.

घरी मायनं वाटीत हळद, वाटीत कुंकू कालवून ठेवलं होतं. पहिली पत्रिका देवाची. तिनं चारी कोपऱ्यांना बोट लावलं. मायला वाचता येत नाही. दुसरी पत्रिका हातात घेऊन ती म्हणाली, "ही बिलोलीची. माझ्या भावाचं नाव कुठंय, बोट ठिव बरं तिथं."

मी तळाशी बोट ठेवलं, आणि ते तिथंच राहिलं.

अक्षरांचे पाय नव्हते. वरची शिरोरेघ होती, तिच्याखाली थोडंसं अंग, आणि मग कागदच संपला होता. मी दुसरी काढली, तिसरी काढली. गठ्ठा कापताना सुरीखाली कागद थोडा सरकतो, त्यामुळं कुठं जास्त गेलं होतं, कुठं कमी. पण नीट एकही नव्हती. बाकी सगळी नावं जिथल्या तिथं. मी सगळंच मोठं केलं होतं, त्यात काठाला टेकलेली ती ओळ सरकत सुरीखाली गेली होती. पार्श्वभूमी तेवढी बाहेर काढायची असते, अक्षरं आत राहू द्यायची असतात.

"हे खालून तुटलंय का गं?" मायनं विचारलं.

मी हो म्हणाले. तिनं हळदीचं बोट पदराला पुसलं.

पुन्हा छापायच्या म्हटलं तर लग्नसराई, मशीनवर तारखा नव्हत्या, आणि आमंत्रणाचे दिवस चालले होते. काकांनी सुचवलं की मामापुरती एक चांगली छापून आण, बाकीच्यांना ह्याच देऊ. पण बिलोलीत आमचे आणखी पाहुणे आहेत, पत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या जातात, फरक कळला असता. मी नको म्हणाले. आहे तीच देऊ आणि खरं सांगू. शिकलेल्या माणसानं सरळ बोलावं, एवढीच त्यात माझी ऐट होती.

बाबा आणि मी गेलो. मामानं पाणी दिलं, चहा सांगितला. पत्रिका हातात घेऊन तो वरून वाचत वाचत खाली आला आणि थांबला. अंगठ्यानं कड चाचपली.

मी सांगायला लागले. ब्लीड म्हणजे काय, कापायची रेघ कुठं असते, मी सगळं एकदम कसं मोठं केलं. मामानं सगळं ऐकून घेतलं. मग बाबांकडं न बघता मला म्हणाला, "बाई, तू शिकलेली हायेस. एवढी नावं निगुतीनं बसवलीस आन् माझ्याच नावाला चुकलीस व्हय? तुझ्याकडून चूक व्हत न्हाई, हे मला ठावं हाय. दाजीनं सांगितलं असंल. फिटलं म्हणावं."

बाबांनी मान वर केली नाही. 'खाली टाक' हे त्यांनी खरंच म्हटलं होतं, म्हणून त्यांना ते नाकारता येईना. आणि माझ्याकडून चूक होणार नाही हे मामाला कुणी सांगितलं होतं? दोन वर्षं बोलणं नव्हतं, तरी बाबांची फुशारकी बिलोलीपर्यंत पोचली होती. तिच्यामुळंच मी खरं बोलूनही खोटी पडले. चहा आला, कुणी नीट प्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी लातूरला जाऊन मी सरांना सांगितलं. त्यांनी फाइल उघडली, मामाच्या ओळीवर क्लिक केलं. मी दहा ठेवलेला अक्षराचा आकार दिसला: दहा पूर्णांक तेहतीस. "एवढ्या अपूर्णांकाचं अक्षर कोण घेतं?" ते म्हणाले. "ओढलंस सगळं." मग आपणही उघडून बघायला हवं होतं, असं स्वतःशीच पुटपुटले. ते मला बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मी म्हणाले, मला न कापलेला कागद पाहिजे. मशीन जुळवताना सुरुवातीचे कागद फिके-गडद निघतात, ते रद्दीत टाकतात. त्या ढिगात एक सापडला. गणपती हिरवट आला होता, पण पत्रिका अख्खी होती, कोपऱ्यांत कटिंगच्या बारीक खुणा होत्या, आणि तळाशी मामाचं नाव पायांसकट होतं. तो गुंडाळून मी नांदेडवरून एकटीच बिलोलीला गेले.

मामाच्या ओसरीत तो पसरला. दोन खुणांना पट्टी लावून पेन्सिलनं रेघ ओढली. रेघ त्याच्या नावाच्या पायांतून गेली.

मामानं वाकून त्या रेघेवरून बोट फिरवलं. "म्हंजे नाव व्हतं."

"होतं."

"आन् ही रेघ?"

"तिथंच कापतात. मला माहीत होतं. मी नाव तिच्यावर नेऊन ठेवलं. बाबांनी नाही."

"तुला येत न्हाई म्हण की मग हे काम."

"हाव," मी म्हणाले. लातूरला मी 'हो' म्हणायला शिकले होते, पण तिथं घरचं 'हाव'च तोंडातून आलं.

मामा लग्नाला आला. अंतरपाटामागं ताईच्या पाठीशी उभा राहिला. मायचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता, आणि मला त्यातच समाधान मानायला हवं होतं. पण मामानं तो कागद घडी घालून खिशात आणला होता. पंगतीत, मांडवात, ज्याला त्याला उघडून दाखवत होता. "ही बघा आमची भाची. बी.ए. झाली आन् पयला मामाच कापला." लोक हसत होते. त्यात कुजकेपणा नव्हता, त्याला दोन वर्षांचं साचलेलं मोकळं करायचं होतं. मीही हसत होते, पानात वाढत होते.

मग नवऱ्याकडच्या एका पाहुण्यानं पत्रिका हातात घेऊन बाबांना विचारलं, गणपती लई भारी काढलाय, कुणी केली? मी भाताचं पातेलं घेऊन मागंच उभी होते. बाबांनी पत्रिकेकडं बघितलं, मग तळाच्या कडेकडं.

"लातूरहून छापून आणली," ते म्हणाले, आणि पुढच्या पाहुण्याला नमस्कार करायला वळले.