व्हिडिओतून कापलेली लेंडी

व्हिडिओ मी काढला होता, कापला दुसऱ्याने. पाहणाऱ्यांना हा फरक कळत नाही, म्हणून तो आधी नोंदवतो.

सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला, पूर्णेकाठच्या एका गावात देवस्थान आहे. तिथल्या हारफुलांची पोती दर नवरात्रात नदीत जात. नदीला लागूनच गावाची पाण्याची विहीर. पोती नदीत जाऊ द्यायची नाहीत, असं बचत गटाच्या बायकांनी ठरवलं. देवळामागे खड्डा खणला, कुणाचा पाय लागू नये म्हणून भोवती विटांचा कठडा केला. मंदिर समितीने भाविकांच्या मोबाइलवर पाठवायला छोटा व्हिडिओ मागितला. मी एका छोट्या अंकासाठी लिहितो, चित्रणही करतो; तो मी काढला.

त्यात सगळं होतं. दोरा, जर, प्लॅस्टिक, चुनऱ्या, करवंट्या बाजूला काढायच्या. फुलं सावलीत पसरून पाणी सुकू द्यायचं. मग फुलांचा थर, त्यावर सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीत निघालेल्या भुश्श्याचा, जाड थर, वर थोडी शेळ्यामेंढ्यांची जुनी लेंडी. मधूनमधून खालीवर करायचं. कुटार नसेल तर ओली फुलं एकमेकांवर दबतात, आत हवा राहत नाही, खत होण्याऐवजी चिखल होतो. लेंडी आणि कुटार गावातल्या धनगर आबांनी दिलं होतं. आबा कॅमेऱ्यासमोर लेंडीची पाटी ओतताना म्हणाले, "माझं तोंड न्हाई आलं तरी चालंल, पाटी येऊ द्या."

पाटी आली नाही.

समितीच्या अध्यक्षांनी शहरातून व्हिडिओ कापून आणला. त्यात झेंडूच्या राशी, घंटानाद, हात जोडलेले अध्यक्ष, आणि हारांनी काठोकाठ भरलेला खड्डा. कुटार नाही, लेंडी नाही. मी अध्यक्षांना फोन केला.

"देवाच्या फुलात लेंडी दाखवता का? लोक काय म्हनतील?"

"मग कुटार काहून कापलं?"

"तो कचरा दिसून राहिला होता."

व्हिडिओ घरोघर गेला. इथवर चूक मोबाइलपुरती होती. घटस्थापनेच्या दिवशी अध्यक्ष स्वतः खड्ड्याशी उभे राहिले. व्हिडिओत आहे तसंच करायचं, असा हुकूम. गटाच्या अध्यक्षा, सगळ्या गावाच्या काकू, म्हणाल्या, "सायेब, वास येईल." उत्तर मिळालं, "देवाच्या फुलाला वास येतो का कधी?" मग ओले हार, दोऱ्यासकट, थेट खड्ड्यात. रोज.

दसऱ्याच्या आधीच खड्ड्यातून काळं पाणी सुटलं. माशा गाभाऱ्यापर्यंत आल्या. बैठक बसली ती खड्डा बुजवायला. आतला चिखल ट्रॉलीत भरून झाला होता; ती नदीकडे न्यायची, हेही ठरल्यासारखंच होतं. अध्यक्ष घोंगडीवर बसले होते. म्हणाले, "बायांनी देवाची फुलं सडवली."

काकू माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमच्याकडं अख्खं शूटिंग हाय न्हवं? लावा."

मी न कापलेलं चित्रण लावलं. बैठकीतल्या माणसांनी फोनवर वाकून पाहिलं. कुटाराचे थर दिसले, लेंडीची पाटी दिसली. अध्यक्षांनी मान फिरवली. "कायबी असो, लेंडी देवळात चालनार न्हाई."

दाराशी बसलेले आबा बोलले. "अध्यक्ष, बुडाखाली काय हाय तुमच्या?"

"घोंगडी."

"कशाची?"

एक बाई पदर तोंडाला लावून हसली, मग दुसरी. "मेंढराची लोकर देवळात बराबर चालती," आबा म्हणाले, "आन् त्याच मेंढराची लेंडी काहून बाटवती, तेवढं सांगा."

अध्यक्ष उठले नाहीत, वरमले नाहीत. देवळाच्या आवारात खड्डा नको, एवढंच पुन्हा म्हणाले. बैठकीने माना डोलावल्या. खरं-खोटं डोळ्यांनी पाहूनही लोक माना डोलावतात, हे मी अनेक बैठकांत पाहिलं आहे.

काकूंनी वाद घातला नाही. "आवारात नगं, मग आबाच्या वाड्यापाशी नेतो. ट्रॉली भरूनच हाय." आणि ट्रॉलीवाल्याला, "ए दादा, नदीकडं वळलास तर आधी मला चाकाखाली घ्यावं लागंल." तो म्हणाला, "काकू, तुमच्यापरीस नदी बरी." पण वळला मेंढ्यांच्या वाड्याकडेच.

बायकांनी तो चिखल नाक बांधून ट्रॉलीतून उपसला, हातांनी दोरे ओढून काढले, कुटारात कालवला. वास हळूहळू गेला. आता तिथे काळंभोर खत पडलेलं आहे. आबांच्या लिंबाला घातलं जातं, तुळशीला मागून नेतात. नवरात्राची पोती नदीत जात नाहीत, वाड्यापाशी जातात.

माझं चित्रण मी आमच्या अंकाच्या फेसबुक पानावर अख्खं टाकलं. ते थोड्यांनी पाहिलं. समितीचा व्हिडिओ अजून फिरतो आहे. काढायला सांगितला तर अध्यक्ष म्हणतात, लोकांना आवडला आहे. परवा जवळा बाजारहून एका पुजाऱ्याचा फोन आला. तो व्हिडिओ पाहून त्यांनी खड्डा केला होता.

"वास सुटला हो. पुन्हा नदीत टाकावं म्हनतो."

"टाकू नका," मी म्हणालो. "हार बाहेर काढा, दोरे काढा, कुटार घाला. आणि लेंडी."

"लेंडी?" ते थबकले. "पण व्हिडिओत तर न्हवती."