क्रेट भरला की चोरी

गोदामातल्या बाईची पिशवी फाटकावर सगळ्यांसमोर उलटी केली, तो दिवस आठवला की आजही माझं डोकं फिरतं. पिशवीतून डबा पडला, पाण्याची बाटली पडली आणि लेकीसाठी घेतलेली रिबीन पडली. ज्याच्या चोरीचा संशय होता, तो नळीचा जॉइनर एकही पडला नाही. तरी गोदामाचे साहेब म्हणाले, "आज नसेल नेला."

ठिबकच्या सामानाचं ते गोदाम श्रीगोंदा तालुक्यात, हमरस्त्याला लागून होतं. मी तिथे स्टोअर क्लार्क होतो. नळ्यांची बंडलं, फिल्टर, व्हॉल्व्ह आणि खोकीच्या खोकी भरून बारीकसारीक प्लास्टिकचं सामान. आतल्या बाजूला टेबलं मांडून बायका संच भरायच्या. एका शेतकऱ्याच्या संचात जॉइनर इतके, एंडकॅप इतक्या, असं हातानं मोजून पिशवीत टाकायचं आणि तोंड शिवायचं. ही बाई उन्हाळ्याच्या अखेरीला कामाला लागली आणि त्याच सुमारास जॉइनर कमी यायला लागले. साहेबांना तेवढं पुरलं.

कमी तरी किती? कधी चाळीस, कधी तीस. दोन नळ्या जोडायचा बोटाएवढा प्लास्टिकचा तुकडा तो. विकायला गेला तर चहासुद्धा कोणी पाजणार नाही. पण दर सोमवारच्या मोजणीत फरक यायचा, फरक आला की वरून फोन यायचा, आणि फोन आला की साहेबांना कोणीतरी हवं असायचं. गोदामात वीस-बावीस माणसं होती. नवे आणखीही दोघं होते, एक साहेबांच्या भावकीतला. त्यांच्या पिशव्या कोणी बघितल्या नाहीत. बोट बौद्धवाड्यातून येणाऱ्या बाईकडेच का गेलं, हे प्रत्येकाला कळत होतं. सगळे मूग गिळून बसले होते.

झडतीनंतर तिला दुसऱ्या दिवसापासून "चौकशी होईपर्यंत" घरी बसवलं. चौकशी कोण करणार होतं? कोणीच नाही. एका आठवड्यानं कायमचं काढायचं, हे ठरलेलंच होतं.

जाताना ती माझ्या टेबलाशी थांबली. "भाऊ, म्या एक सुदिक नेला न्हाई. तुमी तरी मानता का?"

"मानतो, ताई," मी म्हणालो. आणि स्वतःचाच राग आला, कारण नुसतं मानून तिच्या हातात काही पडणार नव्हतं.

त्या आठवड्यात मी मोजणीच्या मागे लागलो. आमच्याकडे जॉइनर असे यायचे: कंपनीच्या सीलबंद पिशवीत पाचशे नग. गाडी आली की पिशव्या मोजायच्या, गुणिले पाचशे करून कॉम्प्युटरमध्ये चढवायचं आणि पिशव्या फोडून क्रेटमध्ये ओतायच्या. सोमवारी तो क्रेट नग मोजायच्या काट्यावर ठेवायचा. काट्याला नग दिसत नाहीत, त्याला फक्त वजन कळतं. एका नगाचं वजन त्याच्यात भरून ठेवलेलं असतं. एकूण वजनाला त्यानं भागायचं आणि आकडा दाखवायचा. तो आकडा आम्ही खरा धरायचो आणि कॉम्प्युटरमधला साठा त्याला जुळवून घ्यायचो.

मागच्या सोमवारांच्या नोंदी काढून मी एवढंच बघितलं, की कमी येतं ते नेमकं कधी. उत्तर समोरच होतं, कोणी पाहिलं नव्हतं. गाडी उतरल्यानंतरच्या सोमवारी, क्रेट काठोकाठ भरलेला असताना, सर्वात जास्त कमी. माल जसजसा संपत येई, तसतसे उलट थोडे जास्तच निघत. आणि कॉम्प्युटर शून्य म्हणत असताना क्रेटच्या तळाशी वीसेक जॉइनर शिल्लक राहत. ते शिल्लक कोणीतरी डब्यात टाकून द्यायचं. कमी आलं की गोदामभर बोंब, जास्त आलं की कोणाच्या तोंडातून शब्द नाही! अहो, चोर माल नेतो. नेलेला माल पुन्हा क्रेटच्या तळाशी आणून ठेवणारा चोर मी तरी पाहिला नव्हता.

म्हणजे माल जात नव्हता. भरलेल्या क्रेटमध्ये काटा कमी दाखवत होता आणि जितका माल जास्त, तितकी त्याची चूक मोठी.

नवी गाडी आली तेव्हा मी एक सीलबंद पिशवी बाजूला काढली, संच भरणाऱ्या दोघी बायकांना बसवलं आणि हातानं मोजायला लावलं. पाचशे. दोघींनी जागा बदलून पुन्हा मोजलं. पाचशे. तेच काट्यावर ओतलं. काटा म्हणाला, चारशे नव्वद. सीलबंद पिशवीत कोणाचा हात गेला होता, सांगा आता.

भिंतीवरच्या नमुन्याच्या पाटीवर जुने दहा जॉइनर तारेत ओवलेले होते. ते सोडवून नुसत्या वजनाला लावले: पन्नास ग्रॅम. नवे दहा लावले: एकोणपन्नास. हातात घेऊन कळत नव्हतं, पण उजेडाला धरलं तर नव्याची आतली कड पातळ दिसत होती. कारखान्याला फोन केला. तिकडचा माणूस सहज म्हणाला, "हो, उन्हाळ्यात साचा बदललाय. का, काय झालं?"

काय झालं म्हणून विचारतोय!

नियम असा, की नव्या मालाचे दहा नग हातानं मोजून काट्याला एका नगाचं वजन नव्यानं शिकवायचं. आम्ही पूर्वी ते करायचो. साहेबांनी बंद केलं होतं. "एकदा वजन भरलंय ना, रोज रोज काय शाळा घेता त्याची?" हे त्यांचे शब्द. काटा बिचारा जुन्याच वजनानं भागत बसला होता.

साहेबांच्या टेबलावर मी जुन्या-नव्या जॉइनरचे दोन्ही ढीग ठेवले आणि सगळं करून दाखवलं. त्यांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, "बरं झालं, सुटला प्रश्न. तिला निरोप द्या, उद्यापासून ये म्हणावं. आणि बाहेर फार चर्चा नको."

"झडती बाहेर घेतली होती, साहेब."

"तुम्ही जास्त शहाणपणा करू नका."

मी बाहेर आलो आणि संचाच्या टेबलांपाशी उभा राहून मोठ्यानं सांगितलं: जॉइनर कोणी नेले नव्हते, वजन चुकीचं भरलं होतं. हमालांनी ऐकलं, बायकांनी ऐकलं. दारातून साहेबांनीही ऐकलं.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. ती अंगणात ज्वारी निवडत होती. मी सगळं सांगितलं, साचा, वजन, सगळं. तिनं सूप खाली ठेवून नीट ऐकून घेतलं.

"मंजी माजी चूक न्हाई, हे त्यांला कळलं?"

"कळलं. उद्यापासून या म्हणालेत."

"मंग ते का न्हाई आले?"

ती उठून माझ्यासमोर उभी राहिली.

"लेकीला शाळेत इचारलं, तुजी आई चोर हाय का म्हून. ती दोन दिस जेवली न्हाई, भाऊ. साहेबाला म्हनावं, हितं या. हितं वाड्यात, सगळ्यांम्होरं सांगा. मी लगीच कामावर येते. मला काम पायजेच हाय."

सकाळी मी निरोप जसाच्या तसा सांगितला. साहेब हसले. "एवढं काय त्यात? नाही येत तर राहू दे." मग त्यांनी फोन उचलला आणि नगरहून काट्याचा मेकॅनिक बोलावला. काट्यात बिघाड नाही, हे मी आदल्याच दिवशी दाखवलं होतं, तरी बोलावला. दुपारी तो आला, काटा तपासला आणि चहा पिऊन गेला. बाईचं घर गोदामापासून दोन किलोमीटरवर होतं. तिथं कोणी गेलं नाही, आणि सोमवारी तिच्या टेबलाशी दुसरी बाई बसली होती.