सगीरा मॅडमचा कोरा रकाना

चिकलठाण्याच्या कारखान्यात माणसं निवडण्याचं काम सगीरा मॅडमकडे होतं. मुलाखतीत उमेदवार जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत डावीकडच्या रकान्यात लिहायचं, आपलं मत उजवीकडच्या, आणि तेही माणूस उठून गेल्यावर, असा त्यांचा शिरस्ता. साहेबलोक "मुलगा चुणचुणीत वाटतो" म्हणाले, की मॅडम विचारत, "कशावरून?" यामुळे त्या कुणाच्या फारशा लाडक्या नव्हत्या. अम्मी गेल्यापासून गारखेड्याच्या घरातही बोलायला कुणी नव्हतं.

त्या दिवशी माल तपासनीसाच्या एका जागेसाठी दोघं आले. खराब माल निघाल्याचा प्रसंग विचारल्यावर विश्वजीत तोंडातल्या तोंडात बोलला. मॅडमनी टिपलं : "पत्र्याला भोक मोठं पडत होतं. मशीन थांबवली. सुपरवायझर ओरडला. आधीच्या पेट्या उघडून पुन्हा मोजल्या."

मग पैठणची संस्कृती आली. "मी लई जपून काम करते," ती म्हणाली. खरं तर इथं प्रसंग विचारायचा होता. पण तिची नजर टेबलावरच्या बंद डब्याकडे गेली. "मॅडम, अजून जेवल्या नाय? एकट्याच जेवता व्हय?"

मॅडमचं पेन थांबलं. असं कुणी विचारून किती काळ लोटला होता! पुढचा सगळा वेळ अम्मीच्या हातचा खिचडा आणि संस्कृतीच्या आईचा ठेचा यांच्या गप्पांत गेला.

ती गेल्यावर मॅडमनी झरझर लिहिलं : "जबाबदार. विश्वासू. निवड करावी." ही पोरगी रोज समोर असेल या विचारानंच त्यांना बरं वाटत होतं. मग सवयीप्रमाणे प्रत्येक शब्दाला डावीकडचा आधार शोधू लागल्या. डावीकडे एकच वाक्य होतं, खाली सगळं कोरं.

कशावरून, सगीरा? त्यांना स्वतःचाच राग आला. पोरीला अनुभव नाही असंही म्हणता येत नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं. ते सगळं खोडून त्यांनी संस्कृतीला फोन लावला आणि विश्वजीतला विचारलेला प्रश्न त्याच शब्दांत विचारला : "खराब माल निघाला तेव्हा तुम्ही काय केलंत? एखादा प्रसंग सांगा."



"खरं सांगू का मॅडम? तसं कधी आलंच नाय माझ्यावर. मी नुसतं पॅकिंग केलंय."

मॅडमनी जसंच्या तसं लिहिलं. खाली सारांश : "संस्कृती : खरं बोलते, अनुभव नाही हे स्वतः सांगितलं. तपासणीचं काम केलेलं नाही. पॅकिंगची जागा निघाल्यास बोलवावं. विश्वजीत : ओरडा खाऊनही मशीन थांबवली, आधीचा माल पुन्हा तपासला. या जागेसाठी निवड करावी."

फोन अजून चालूच होता.

"मॅडम, डबा खाल्ला का मग?"

"हो, खाल्ला," मॅडम म्हणाल्या.

डबा तसाच बंद होता. फोन ठेवून त्यांनी सारांशाखाली सही केली.