दुधात कालवलेलं चूर्ण

आमच्या छावणी भागात मेडिकल चालवणाऱ्या दीपमालाताईंचा मला आधी भारी राग यायचा. साधं मलम मागितलं तरी चौकशा सुरू. घरात आणखी काय घेता, काढा, चूर्ण, कुणी दिलेली पुडी? एकदा मी तोंडावर ऐकवलं, चूर्ण काय औषध असतं का!

माझे वडील, अण्णा, गेले तेव्हापासून आईची, चंपाबाईची, झोप उडाली होती. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून अश्वगंधाचं चूर्ण अन् मॅग्नेशियमच्या गोळ्या मागवल्या. रोज माझ्या हातानं दुधात चूर्ण कालवून द्यायचे, वर एक गोळी. सकाळी विचारलं की आई म्हणायची, लई छान झोप लागली. मग काय, मी गल्लीभर डंका पिटला.

दीड महिन्यात आईचे डोळे हळदीगत पिवळे झाले. अंगाला खाज, लघवी गडद. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं कोणतं औषध चालू आहे का? आम्ही दोघींनी नाही म्हणून सांगितलं. खोटं नव्हतो बोलत; आमच्या लेखी चूर्ण म्हणजे दूध होतं अन् गोळी म्हणजे टॉनिक. रक्तात काविळीचा विषाणूही सापडेना. शेवटी मावशीनं कन्नड तालुक्यातला झाडपाल्याचं औषध देणारा सुचवला. जीपसुद्धा ठरली.

निघण्याआधी खाजेचं मलम घ्यायला गेले, तर ताईंचा तोच प्रश्न. मी वैतागून सगळं सांगून टाकलं. त्या काउंटर सोडून बाहेर आल्या.

"निशा, जीप रद्द कर. दोन्ही डबे घेऊन आत्ता डॉक्टरांकडं जा. अश्वगंधानं क्वचित कुणाचं लिव्हर दुखावतं. त्यावर आणखी झाडपाला नको."

मी जीपवाल्याला नको म्हणून कळवलं अन् डबे घेऊन पळाले. डॉक्टरांनी डबे बघितले अन् दोन्ही बंद केले. दर आठवड्याला रक्त तपासत राहिले. डोळे पांढरे व्हायला दोन महिने लागले, अन् त्या दोन महिन्यांत मी स्वतःला काय काय शिव्या दिल्या ते मलाच ठाऊक.

ताई मात्र एका शब्दानंही टोचून बोलल्या नाहीत. म्हणाल्या, अश्वगंधानं झोप थोडी सुधारते असं काही अभ्यास सांगतात, पण ते छोटे, थोड्याच आठवड्यांचे. गरोदर बाईनं घेऊच नये. थायरॉईडची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मॅग्नेशियमचा झोपेसाठीचा पुरावा तर कच्चाच. किडनी कमजोर असली तर ते अंगात साठतं.

घरी येऊन मी आईला म्हटलं, तुला तर गुण आला होता ना?

 आई म्हणाली, "झोप कधीच नाय लागली, माय. तू लई आशेनं विचारायचीस. नाय कसं म्हणू?"