बघतो म्हणाले

बारामतीच्या एमआयडीसीत एका दुधाच्या कंपनीत लॅबसाठी माझी मुलाखत झाली. एचआरच्या बाई म्हणाल्या, आठवड्यात कळवू. दोन आठवडे गेले तरी काही नाही. शेवटी चिडून मी मेल लिहिला: अजून उत्तर का नाही, घरी अडचण आहे, तातडीने कळवा. पाठवण्याआधी तेवढी बुद्धी सुचली आणि तो वहिनीला दाखवला. वहिनी म्हणजे मावशीची सून, दुसऱ्या एका कारखान्यात भरतीचंच काम बघते.

वाचून ती हसली. "अगं, ही नोटीस हाय का मेल?"

तिने निम्म्याहून जास्त खोडलं. घरची अडचण काढली, 'तातडीने' काढलं. त्यांच्या जुन्या मेललाच उत्तर दे म्हणाली, म्हणजे त्यांना शोधत बसायला नको. मग आभार, पद, मुलाखतीची तारीख आणि एकच प्रश्न: निर्णय साधारण कधीपर्यंत अपेक्षित आहे? काही कागद हवे असतील तर देते, एवढं खाली.

"आता पाठव आन् गप बस. आठवडाभर परत विचारायचं न्हाय."

गप बसणं मला कधी जमलेलं नाही, पण बसले. तो मेल वाचून मलाच मी शहाणी वाटायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. भाषा गोड होती. निवड पूर्ण झाली आहे, आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. आणि शेवटी: आपल्या वतीने कृपया कुणी वारंवार फोन करू नयेत.

मी तर एकही फोन केला नव्हता.

शेळगावातल्या आमच्या घराच्या ओट्यावर आबा, म्हणजे माझे वडील, चहा पीत होते. मी विचारलं, "आबा, कंपनीत कुणाला फोन लावला व्हता का?"

त्यांचा चेहरा खुलला. "मी कशाला लावू? आपल्या वळखीचा एक मानूस हाय बारामतीत, त्याला शब्द टाकायला सांगितला. कालपासनं तीन-चारदा लावला त्यानं. पाठपुरावा केल्याबिगर कुठं काय मिळतंय?"

मला इतका राग आला की कप उचलून फेकावासा वाटला. पण आमच्या उसाला तोड वेळेत मिळावी म्हणून हा माणूस हंगामात रोज साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात जाऊन बसतो, आणि तोड मिळते ती त्यामुळेच. दुसरी रीत त्यांना कुणी दाखवलीच नाही. फोनमुळे माझं नाव कटलं की आधीच कटलं होतं, हेही कळायला मार्ग नाही. नंतर वहिनीला विचारलं तर तीही म्हणाली, "कुनी सांगणार न्हाय तुला."

"मग काय म्हणाले कंपनीवाले?" मी आबांना विचारलं.

"बघतो म्हनले. काम झालं समज."

मी मोबाईल पालथा ठेवला. त्यांना नकाराचा मेल वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नाही. आबांनी मला अर्धा चहा ओतून दिला आणि बारामतीत खोली कुठं बघायची ते सांगायला लागले.