छोट्या कीबोर्डावर नसलेलं बटण

इंदापूरला एसटी स्टँडच्या मागे एका फोटो स्टुडिओत मी नऊ वर्षं काम केलं. फोटो धुणं, वाळवणं, कडा कापणं, फ्रेमा बसवणं. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझ्याकडे नव्हतं आणि ते मला बरं वाटायचं. अंधारखोलीत लाल दिव्याखाली मी आणि पाणी, एवढंच. मालक माझ्याहून लहान, पण मी त्यांना दादा म्हणायची आणि ते मला ताई.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा दादांनी कॉम्प्युटर घेतला. जुने फाटके फोटो स्कॅन करून नीट करायला. त्याच्याबरोबर एक मोठा, पांढरा कीबोर्ड आला होता. कागदाची भुकटी, मिठाईचे हात, सगळं त्यावर बसायचं. एका सकाळी दादा यायच्या आत मी तो सोडवला आणि अंधारखोलीतल्या नळाखाली धरला. फोटो कसे धुते, तसाच. एका बाजूने पाणी, दुसऱ्या बाजूने पाणी, मग उन्हात उभा करून ठेवला. वरून कोरडा झाला, आत पाणी राहिलं. दोन दिवसांनी निम्मी बटणं मुकी झाली. दादा म्हणाले, "ओल धरली असंल, अंधारखोली शेजारीच हाय." मी कापणीच्या टेबलाकडे वळून कडा कापायला घेतल्या. धुतल्याचं सांगितलं नाही.

नवा आणताना त्यांनी मुद्दाम छोटा आणला. माझी कटर त्याच टेबलावर असायची, तिला जागा मिळावी म्हणून. आखूड, काळा, उजवीकडचे आकडे नसलेला. बटणं एकमेकांना चिकटलेली. मला तो आवडला. त्याच्यावर काय नाही, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

अंथुर्णे गावचे एक म्हातारे गृहस्थ एका दुपारी आले. पूर्वी मेंढरं राखायचे, आता शेती. डोक्याला फेटा, हातात कापडी पिशवी. पिशवीत एक सीडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. त्यांचा मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात होता. मोटारसायकलने कामावर जाताना गेला. दुसऱ्या दिवशी दहावा होता.

"फोटू पायजे," ते म्हणाले. "दहाव्याला पुढं ठेवायला. घरात त्याचा एकबी न्हाय."

"मतदानाचं कार्ड असंल की, आबा," दादा म्हणाले.

"हाय. त्यात त्यो चोर दिसतोय. त्याची बायकू म्हनली, ह्ये नगा ठिवू, पाव्हनं काय म्हनतील."

कारखान्याचं ओळखपत्र खिशात होतं, ते अपघातात गेलं. लग्नात फोटोवाला बोलवला नव्हता. पण कारखान्यानं नवी मशीन आल्यावर कामगारांची चित्रं घालून एक सीडी केली होती. बरोबरच्या कामगारानं साहेबांकडून ती एका दिवसासाठी मागून आणली होती. सकाळी ती साहेबांच्या टेबलावर परत हवी होती.

दादांनी सीडी घातली. पडदा भरून कारखान्याचं नाव आलं, खाली सुरू करायचं बटण. ते दाबल्यावर चित्रं एकामागून एक येऊ लागली. टाक्या, नळ्या, पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं. मग पाच जण एका मशीनपाशी उभे, त्यातला डावीकडून दुसरा हसत होता. आबा खुर्चीवरून अर्धे उठले.

"ह्यो. ह्योच."

तेवढ्यात चित्र बदललं आणि दुधाचे टँकर आले.

दादांनी पुन्हा लावलं. चित्र थांबवायची सोय त्या कार्यक्रमात नव्हती. कुठलंही बटण दाबलं की तो बंदच व्हायचा, माऊसनं टिचकी मारली की पुढचं चित्र. सीडीवर चित्रांच्या वेगळ्या फायली शोधल्या, त्याही सापडल्या नाहीत. सगळं एकाच मोठ्या फायलीत बांधलेलं.

"प्रिंट स्क्रीन मारू," दादा म्हणाले. "पडद्यावर जे हाय त्याची नक्कल होती. मग पेंटमध्ये चिकटवायचं." त्यांचं बोट कीबोर्डाच्या वरच्या कोपऱ्याकडे गेलं. एफ बारानंतर तिथं काहीच नव्हतं. त्यांनी सगळी ओळ वाचली, कीबोर्ड उचलून उलटा केला, जणू ते बटण खाली असेल.

मला ठाऊक होतं ते कुठं असायचं. मोठ्या कीबोर्डावर एफ बाराच्या पलीकडे तीन बटणं शेजारी शेजारी होती. त्यातलं पहिलं, दादा तेच दाबायचे. त्यावरची अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण मी ते बोटानं घासलं होतं.

दादांनी कॅमेरा तिकाटण्यावर लावला. दिवे घालवले, दार लावलं, फ्लॅश नाही. पडदा लुकलुकतो म्हणून शटर सावकाश ठेवलं, नाहीतर काळा पट्टा येतो. दोनतीनदा कार्यक्रम चालवून त्या चित्रावर टिपलं. मी रोल धुतला आणि ओल्याच निगेटिव्हवरून एक प्रत काढली. पट्टा आला नव्हता, पण आडव्या बारीक रेघा होत्या, आणि माणूस त्यांच्या मागे. मी ती प्रत आबांसमोर धरली.

"चाळनीतनं बघितल्यागत दिसतंय," ते म्हणाले. मग माझ्या ओल्या हातांकडे बघून, "ऱ्हाऊ द्या पोरी, तुमी लई केलं."

ते उठायला लागले तसे दादा म्हणाले, "बसा आबा. अजून न्हाय संपलं." आणि शेजारच्या जिन्यानं वर गेले.

वर कॉम्प्युटर क्लास होता. तिथल्या मॅडम तरुण, फटकळ. त्या एक जुना मोठा कीबोर्ड काखेत घेऊन आल्या. आधी आमचा बघितला.

"लॅपटॉपवर असतं तसं निळ्या अक्षरातलं एफ एन बटणसुद्धा नाही ह्याला! ते असतं तर दोन बटणं मिळून प्रिंट स्क्रीन होतो. हे काय आणलंत, खेळण्याच्या दुकानातून?"

दादांनी कॉम्प्युटर बंद केला. पण मॅडमच्या कीबोर्डची गोल पिन जाड होती आणि आमच्या कॉम्प्युटरचं भोक बारीक. जाड पिन बारीक भोकात बसवायची जोडणी बारामतीला मिळाली असती, पण तिथली दुकानं त्या दिवशी सुट्टीची बंद.

"क्लासातल्या मशिनवर लावू की मग सीडी," दादा म्हणाले.

"सीडीचं खोकं आहे कुठं आमच्यात? फ्लॉपीवर चालतंय सगळं."

दादांनी हात टेबलावर आपटला. "आपला मोठा असता तर! त्या ओलीनं घात केला."

माझ्या हातात अजून ती रेघांची प्रत होती. आबा दाराकडे बघत होते. मी म्हणाले, "दादा, ओल नव्हती. मी धुतला होता तो."

"काय धुतला?"

"कीबोर्ड. नळाखाली."

 मॅडमना हसू फुटलं आणि त्यांनी तोंडावर हात घेतला. दादा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "साबण लावला होता का?"

"न्हाय."

"नशीब." एवढं बोलून त्यांनी कॉम्प्युटर परत चालू केला. मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं, पण कुणाला माझ्यासाठी वेळ नव्हता, आणि ते योग्यच होतं.

मॅडम पडद्याकडे बघत होत्या. "तुम्ही फोटो नीट करता तो प्रोग्राम उघडा. मी माझ्या नोट्समधली विंडोजची चित्रं त्यातच काढते. पडद्याची नक्कल उचलायला ते एकच बटण लागतं असं कुठं आहे?"

त्या प्रोग्रामात पडदा उचलायची सोय खरंच होती. आपल्या पसंतीचं बटण, नाहीतर माऊसचं उजवं बटण, नाहीतर ठरावीक सेकंदांनी आपोआप. मॅडमनी एफ अकरा ठरवलं. चित्र आलं, त्यांनी दाबलं, कार्यक्रम बंद पडला आणि मोकळा निळा पडदा उचलला गेला. उजवं बटण दाबलं तर टँकर. उरले सेकंद.

"सुरू केल्यापासून किती सेकंदांनी तो येतो?" मॅडमनी विचारलं. त्यांच्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता. फोटो धुवायच्या हायपो रसायनामुळे दादा घड्याळ घालत नसत.

"ताईला विचारा," दादा म्हणाले. "अंधारात तिच्याच मोजण्यावर फोटू निघत्यात."

ते खरं होतं. मोठं करायच्या यंत्राखाली कागद ठेवला की मी मनात मोजायची, एक घागर, दोन घागरी, तीन घागरी. जास्त झालं की तोंड काळं पडतं, कमी झालं की पांढरं. सवयीनं घागर आणि सेकंद एक झाले होते.

त्यांनी कार्यक्रम लावला. मी भिंतीकडे तोंड करून मोजलं, पडद्याकडे बघून मला मोजता येईना. "आला," आबा म्हणाले तेव्हा चौतीस होते. "गेला," तेव्हा अडतीस. पुन्हा मोजलं, तेच.

मॅडमनी छत्तीस घातले. एक खटका पडदा उचलायच्या प्रोग्रामात, लगेच दुसरा सीडीच्या सुरू बटणावर.  पडदा उचलला गेला आणि त्यात टँकर होता.

"दोन खटक्यांच्या मधे माझा उशीर होतोय की सीडी अडखळली?" मॅडम म्हणाल्या.

मी भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाले, "तुमचा उशीर न्हाय. ह्या बारीला पयलंच चित्र लवकर गेलं, सीडीची घरघर लवकर आली. सीडी तापली आता, पटापट पुढं जातीया. चौतीस घाला."

स्टुडिओत मी अनोळखी माणसाला एवढं सलग कधीच बोलले नव्हते.

चौतीस घातले. या वेळी पाच जण पडद्यावर थांबले. टँकर आला नाही, कारण हे आता चित्रच होतं. आबा पुढं सरकले, पण हात लावला नाही. दादांनी आधी ते साठवून घेतलं, मग बाकीचे चार कापले. चेहरा लहान होता, मोठा केला की चौकोन दिसायचे. म्हणून पोस्टकार्डाएवढाच ठेवला आणि कडा थोड्या मऊ केल्या.

"आबा, टोपी कारखान्याची हाय," दादांनी विचारलं. "काढून केस लावू का? जमंल."

आबा पडद्याजवळ वाकले. "त्यो बाजूच्याला कायतरी म्हनतोय बगा," ते म्हणाले. "हसतोय. घरी असा न्हाय हसला कधी. मला वाटायचं, पोराला हसूच येत न्हाय." मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या टोपी. हसलाय तितंच ऱ्हाऊ द्या त्याला."

दादांनी तो प्रिंटरवर छापला, फ्रेम मी बसवली. काच दोन्ही बाजूंनी पुसली, आत धुळीचा कण राहू नये म्हणून उजेडात तिरकी धरून पाहिली. आबांनी ती फेट्याच्या शेवात गुंडाळली नाही, पिशवीतही घातली नाही. छातीशी उभी धरून ते स्टँडकडे गेले. सीडी पिशवीत होती.

दादांनी दुसऱ्या आठवड्यात मोठा कीबोर्ड आणला. टेबलावर परत जागा कमी पडली. कटर मी मांडीवर घेऊन बसायला लागले.