बोरसे सरांवरचा भार

दिपमाला देसलेला फड म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी तिचं माहेर. नदीवर जुना बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या रानाचे मोठे मोठे तुकडे. एका तुकड्यात सगळ्यांनी मिळून ठरवलेलं एकच पीक घ्यायचं आणि पाटकरी सोडेल तेव्हा पाणी घ्यायचं. त्या तुकड्याला फड म्हणतात. तिचे वडील भिकननाना स्वतः पाटकरी होते. पाण्यावरून भांडायला आलेल्या माणसाला ते आधी चहा पाजत आणि मग नाही म्हणत. घरात रोज बोलणं चालायचं ते याचंच.

भूगोलात एम.ए. झाल्यावर, सेट पास झाल्यावर आणि धुळ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागल्यावर तिने पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय हाच घेतला : पांझरा खोऱ्यातले फड, त्यातले कुठले टिकले, कुठले मोडले आणि का. त्याच कॉलेजच्या संशोधन केंद्रात डॉ. हितेंद्र बोरसे यांच्याकडे जागा रिकामी होती, ती तिला मिळाली. ती रिकामी का होती, हे विचारायचं तिला सुचलं नाही.

बोरसे सर वाईट माणूस नव्हते. वाईट असायलाही थोडी मेहनत लागते. कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाचे समन्वयक, विद्यार्थी कल्याणाचे प्रमुख, दोन-तीन संघटनांचे पदाधिकारी, आणि गावात कुठेही शाल-श्रीफळ असेल तिथे पहिल्या रांगेत. शिष्यांना ते प्रेमाने वागवत, म्हणजे कामाला लावत. दिपमालाने त्यांच्यासाठी नॅकचे तक्ते भरले, पेपर तपासले, एका सत्काराला द्यायचं उत्तराचं भाषण लिहून दिलं. त्या भाषणात नम्रता जरा जास्त झाली, असं म्हणून त्यांनी ते परतही केलं होतं. तिचं पहिलं प्रकरण मात्र त्यांच्या टेबलावर दीड वर्ष पडून होतं. वर त्यांच्या चहाच्या कपाचे गोल उमटले होते. "वाचतोय, वाचतोय," ते म्हणत. सहामाही प्रगती अहवालावर सही करताना मात्र त्यांचा हात कधी अडला नाही. प्रगती समाधानकारक. सही.

हे सगळं तिने गिळलं असतं. पण सहामाही सादरीकरणाला संशोधन सल्लागार समिती बसली आणि समितीतल्या एका बाहेरच्या सदस्याने विचारलं, "फड ही संकल्पना जरा स्पष्ट करा." ती बोलायला तोंड उघडते तोच बोरसे सर मायाळूपणे पुढे झुकले.

"मी सांगतो. फड म्हणजे आपला तमाशाचा फड. लोककला आणि शेती यांचा संबंध हिने जोडला आहे. अंतर्विद्याशाखीय विषय आहे."

समितीत कुणी हसलं नाही. बाहेरच्या सदस्याने मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. दिपमाला पडद्यावरच्या बंधाऱ्याच्या फोटोकडे बघत उभी राहिली. आपल्या प्रबंधावर या माणसाचं नाव छापलं जाणार, हे तिला पहिल्यांदाच खरं वाटलं.

त्या रविवारी माहेरी गेल्यावर तिने नानांना सांगितलं. नानांनी आधी तिच्यापुढे चहा ठेवला. मग म्हणाले, "त्या मास्तरले एक दिन पाटवर धाड. पाय चिखलमा गया का बठ्ठं समजी जाई."

"नाना, तो चप्पल काढणार नाही."

नवरा समाधान नरडाण्याच्या एका कारखान्यात शिफ्टवर. तो म्हणाला, "मग बदल ना त्याला. आमच्याकडे सुपरवायझर बदलून मागता येतो."

आणि खरंच बदलून मागता येत होता. त्याच विभागातल्या डॉ. रत्ना महाजन यांच्या एका विद्यार्थ्याला नुकतीच पदवी मिळाली होती, म्हणजे त्यांच्याकडे एक जागा मोकळी झाली होती. रत्ना मॅडम कमी बोलणाऱ्या, कडक. दिपमाला त्यांच्यासमोर गेली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला : "पाटाच्या शेवटच्या टोकाच्या माणसाला पाणी पोचतं का, हे कुठल्या महिन्यात मोजलंस?" तिने सांगितलं. "संमतीपत्र देईन," मॅडम म्हणाल्या. "पण बोरसेंचं ना-हरकत पत्र तू आण. मी त्यांच्याशी बोलणार नाही."

दिपमालाने अर्ज लिहिला आणि त्यात सगळं खरं लिहिलं. दीड वर्ष न वाचलेलं प्रकरण, नॅकचे तक्ते, तमाशाचा फड. तो घेऊन ती विभागप्रमुख डॉ. प्रेमराज चौधरी यांच्याकडे गेली. अर्ज त्यांच्यामार्फत प्राचार्यांकडे जायचा, समितीने शिफारस केली की तिथून विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाकडे.

चौधरी सरांनी अर्ज वाचला, दार लोटून घेतलं आणि पुन्हा वाचला. वाचताना त्यांना हसू आवरेना.

"अक्षर न् अक्षर खरं आहे," ते म्हणाले. "म्हणून हा पुढे जाणार नाही."

"खरं असूनही, सर?"

"अहो ताई, ही तक्रार झाली. विनंती आणि तक्रार हे दोन वेगळे अर्ज. तक्रार आली की चौकशी, चौकशी आली की ते ना-हरकत देणार नाहीत, आणि तुमच्या नोंदणीची वर्षं तिकडे संपत राहणार. शिवाय मला याच विभागात निवृत्त व्हायचंय." शेवटचं वाक्य त्यांनी अजिबात न लाजता उच्चारलं. "कारण असं लिहा की वाचणाऱ्याला वाईट वाटू नये. आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला तर छानच वाटलं पाहिजे."

दिपमाला उठली. हसताना तोंडावर धरलेला रुमाल चौधरी सर नीट घडी करून खिशात ठेवत होते. बोरसेंना निदान आपण मूर्ख आहोत हे माहीत नाही. यांना सगळं माहीत आहे आणि तरी दार लोटलेलं. दोघांत जास्त किळस कुणाची, हे तिला ठरवता येईना.

घरी बसून तिने दुसरा अर्ज लिहिला. आता तिला कसलीच भीड उरली नव्हती, त्यामुळे लेखणी भराभर चालली.

"विषय : पीएच.डी. संशोधन मार्गदर्शक बदलून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करते की, माझे आदरणीय मार्गदर्शक डॉ. हितेंद्र बोरसे यांचे मौलिक मार्गदर्शन मला सातत्याने लाभत आले आहे. तथापि सरांवर सोपविलेल्या विविध शैक्षणिक व प्रशासकीय जबाबदाऱ्यांचा वाढता भार पाहता, माझ्या क्षेत्रकार्याच्या पुढील टप्प्यासाठी सरांचा बहुमोल वेळ घेणे मला प्रशस्त वाटत नाही. सबब, सरांच्या संमतीने, केंद्रातील डॉ. रत्ना महाजन यांची मार्गदर्शक म्हणून नियुक्ती व्हावी, ही नम्र विनंती."

समाधानने वाचून विचारलं, "हा कुणाबद्दल आहे?"

दुसऱ्या दिवशी ती बोरसे सरांकडे गेली तेव्हा तिला वाटलं होतं, चिडतील, निदान दुखावतील. त्यांनी चष्मा लावला. 'वाढता भार' या शब्दांपाशी थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तृप्ती पसरली.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "लोकांना कल्पनाच नसते. विद्यापीठालाही कळू दे एकदा. पण 'विविध' म्हणजे काय? नावं घाल ना."

"कुठली, सर?"

"नॅक लिही. विद्यार्थी कल्याण लिही. परीक्षेचं भरारी पथक लिही. योग संघटनेचं उपाध्यक्षपद राहिलं बघ. आणि यंदा व्याख्यानमालेचा स्वागताध्यक्ष आहे मी."

तिने तिथेच बसून सगळं घातलं. एका परिच्छेदाचा अर्ज दोन पानांचा झाला. शिष्याने गुरूला सोडण्यासाठी केलेला अर्ज गुरू स्वतः सांगतो आहे आणि शिष्य उतरवून घेतो आहे. तिला एकदा हसू आलं, ते तिने खोकल्यात घालवलं. योग संघटनेच्या आधी 'अखिल खान्देश' लिहायचं राहिलं म्हणून त्यांनी ते पान पुन्हा काढायला लावलं. त्यांचं ना-हरकत पत्रही तिनेच टाइप केलं. सहीला पेन उघडल्यावर मात्र ते थांबले.

"असं कर. मला सहमार्गदर्शक ठेव. माझं नाव असलं की प्रबंधाला वजन येईल. तुझ्यासाठी म्हणतोय."

नाही म्हणावं तर पत्र गेलं, हो म्हणावं तर हे नाव जन्मभर प्रबंधाच्या मुखपृष्ठावर. दिपमाला अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, सहमार्गदर्शक म्हणजे रत्ना मॅडमच्या खाली तुमचं नाव. वर 'सह' लावून. विभागातले लोक काय म्हणतील? माझ्या हातून ते नाही होणार."

बोरसे सर विचारात पडले. महाजनबाईंचं नाव वर, आपलं खाली. हे चित्र त्यांना दिसलं असावं.

"छे," ते म्हणाले. "नकोच ते. तू अजून लहान आहेस, पण जाण आहे तुला." आणि त्यांनी सही केली. सही नेहमीसारखीच देखणी होती.

पत्र घेऊन जिना उतरताना तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं वेगळंच. इतकी वर्षं जिचा ती तिरस्कार करत आली ती भाषा तिच्या तोंडात सहज आली होती, आणि चांगली आली होती. बोरसे सर अशाच दोन-चार वाक्यांवर चढत चढत इथपर्यंत आले असतील. तिने नळावर जाऊन तोंड धुतलं.

समितीच्या बैठकीत प्राचार्यांनी अर्ज वाचायला घेतला आणि दुसऱ्या पानावर सोडून दिला. योग संघटनेचा संशोधनाशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. बोरसे सर त्याच टेबलाशी हात जोडून बसले होते, जणू त्यांचा निरोप समारंभ आहे. मार्गदर्शक बदलास शिफारस, असा ठराव झाला. विषय तोच राहणार होता, त्यामुळे पुढे अडचण नव्हती. यथावकाश विद्यापीठाचं मंजुरीचं पत्र आलं.

ते घेऊन ती रत्ना मॅडमकडे गेली. मॅडमनी सोबत जोडलेला अर्ज चाळला.

"हे तू लिहिलंस?"

"पहिलं पान मी, मॅडम. दुसरं सरांनी सांगितलं."

"पहिलंच जास्त वाईट आहे," मॅडम म्हणाल्या. "ही भाषा प्रबंधात दिसली तर पान परत येईल." आणि पहिलं प्रकरण त्यांनी आठवड्याभरात खरोखर परत केलं. जवळजवळ प्रत्येक परिच्छेदावर लाल रेघ होती. एके ठिकाणी समासात लिहिलं होतं : 'हे तुला दिसलं की कुणी सांगितलं?' दिपमालाने ते पान दोनदा वाचलं. कुणीतरी तिचं लिहिणं वाचलं होतं, ही गोष्टच तिला नवी होती.

महिनाभराने वऱ्हांड्यात बोरसे सरांनी तिला हाक मारली. शेजारी एक नवी विद्यार्थिनी फायलींचा गठ्ठा धरून उभी होती.

"ही दिपमाला," सर त्या मुलीला म्हणाले. "माझीच. मीच दिली मॅडमकडे, त्यांच्याकडे कुणी नव्हतं म्हणून." मग दिपमालाकडे वळून, "बरं, व्याख्यानमालेचं प्रास्ताविक जरा लिहून दे. तुझी भाषा चांगली आहे."

"देते की सर," दिपमाला म्हणाली. "फक्त नियमाप्रमाणे आता रत्ना मॅडमची परवानगी लागेल. तुम्ही एक शब्द टाकता का त्यांच्याकडे?"

रत्ना मॅडमचं दार समोरच होतं, आणि उघडं होतं. बोरसे सरांनी त्या दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि नॅकची बैठक आहे म्हणाले.

ते गेल्यावर दिपमालाने त्या मुलीच्या हातातला अर्धा गठ्ठा घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "विषय काय तुझा?" तिने विचारलं.

मुलगी सांगू लागली. दिपमाला ऐकत उभी राहिली.